स्की जंपिंग: वारा आणि गेटचे गुण वाचताना या चुका टाळा

स्की जंपिंगचा निकाल पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक गोष्ट हमखास खटकते. एकजण 134 मीटर उडतो, दुसरा जेमतेम 127.5 मीटरवर उतरतो, आणि गुणतक्त्यात दुसरा वर असतो. पंचांनी पक्षपात केला, अशी शंका लगेच येते. खरं कारण बहुतेक वेळा वारा आणि गेट या दोन रकान्यांत असतं, आणि चुकाही तिथेच होतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. उडी मारणारा खेळाडू वरून घसरत येतो त्या उताराला इनरन म्हणतात. इनरनवर पायऱ्यांसारखी क्रमांक दिलेली गेट्स असतात. जितक्या वरच्या गेटवरून सुरुवात, तितका वेग जास्त आणि उडी लांब. समोरून येणारा वारा खेळाडूला उचलून धरतो, पाठीमागून येणारा त्याला खाली दाबतो. पूर्वी फेरी चालू असताना वारा बदलला आणि गेट बदलणं भाग पडलं, की सगळी फेरी रद्द करून पहिल्यापासून घ्यावी लागायची. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2009 च्या उन्हाळी स्पर्धांत भरपाईच्या गुणांची चाचणी सुरू केली. ऑलिंपिकमध्ये ही पद्धत पहिल्यांदा 2014 च्या सोची स्पर्धेत दिसली. आता फेरीच्या मध्येच गेट खालीवर करता येतं आणि फरक गुणांनी भरून काढला जातो.

चिन्ह उलटं वाचणं

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. निकालपत्रकात वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याचे गुण शेजारी शेजारी छापतात आणि त्यांची चिन्हं एकमेकांच्या उलट असतात. वेग अधिक चिन्हाचा, म्हणजे समोरचा वारा. त्याने मदत केली, म्हणून गुण वजा. वेग उणे चिन्हाचा, म्हणजे पाठचा वारा. त्याने नुकसान केलं, म्हणून गुण अधिक. घाईत वेगाचा आकडाच गुण समजून वाचला की सगळा हिशोब फिरतो. आपलं वाचन बरोबर आहे का हे तपासायचं असेल, तर एकूण गुणांतून अंतराचे आणि पंचांनी दिलेले शैलीचे गुण वजा करा. उरलेली रक्कम वारा आणि गेट या दोन रकान्यांच्या बेरजेइतकी यायला हवी.

एकाच गुणकाने सगळ्या टेकड्या मोजणं

एक मीटर प्रति सेकंद वारा म्हणजे इतके गुण, असा एकच आकडा पाठ करून चालत नाही. पद्धत सुरू झाली तेव्हाचं सूत्र असं होतं: टेकडीच्या हिल साइजमधून, म्हणजे साधारण सुरक्षितपणे उतरता येईल अशा कमाल अंतराच्या मीटरमधल्या आकड्यातून, 36 वजा करा आणि 20 ने भागा. उत्तर मीटरमध्ये येतं, म्हणजे एक मीटर प्रति सेकंद इतक्या वाऱ्याने उडी साधारण किती लांबते किंवा आखडते ते. मग त्या मीटरना टेकडीच्या प्रति-मीटर गुणाने गुणायचं. हिल साइज 140 असलेल्या मोठ्या टेकडीवर 5.2 मीटर येतात. तिथे मीटरला 1.8 गुण, म्हणजे 9.36 गुण. हिल साइज 100 च्या छोट्या टेकडीवर 3.2 मीटर, आणि मीटरला 2 गुण असल्यामुळे 6.4 गुण. स्लोव्हेनियातल्या प्लानिकासारख्या 240 च्या स्की फ्लाइंग, म्हणजे सर्वांत लांब उड्यांच्या, टेकडीवर 10.2 मीटर, पण मीटरला फक्त 1.2 गुण, म्हणून 12.24. तोच वारा, गुण मात्र जवळपास दुप्पट. मोठ्या टेकडीवर खेळाडू जास्त वेळ हवेत असतो, त्यामुळे वाऱ्याला काम करायला वेळही जास्त मिळतो.

या सूत्रात पुढे बदल झाला. पाठच्या वाऱ्याचं नुकसान सुरुवातीच्या सूत्रात पुरेसं भरून निघत नव्हतं, म्हणून त्याचा गुणक समोरच्या वाऱ्यापेक्षा मोठा केला गेला. त्यामुळे जुन्या सूत्रावरून नवा निकाल ताडून पाहायला जाऊ नका. त्या दिवशीच्या निकालपत्रकावर दोन्ही गुणक आणि गेटचा गुणक छापलेले असतात, तेच वापरा.

गेटचा क्रमांक म्हणजे माप, असं समजणं

गेट 12 वरून गेट 11 वर आलं की किती गुण मिळतात, याला सर्वत्र लागू होणारं उत्तर नाही. गेटचा गुण मोजतात तो इनरनच्या लांबीतल्या फरकावर, आणि प्रत्येक टेकडीवर दोन गेट्समधलं अंतर तसंच लांबीतल्या एका मीटरचं मोल वेगळं असतं. एका टेकडीचं गेट 12 आणि दुसरीचं गेट 12 यांची तुलना निरर्थक आहे. त्याच टेकडीवरसुद्धा एक खबरदारी हवी: प्रत्येक फेरीचं मूळ गेट वेगळं असू शकतं आणि गुण त्या मूळ गेटपासून मोजले जातात. दुसऱ्या फेरीत सगळेच दोन गेट खालून आले, तर गेटच्या रकान्यात शून्य दिसेल. त्यात चूक काही नाही, कारण सगळ्यांसाठी परिस्थिती सारखीच बदलली आहे. वाऱ्याचं तसं नसतं. तिथे पाया कायम शून्य वारा हाच असतो.

आता सुरुवातीच्या दोन खेळाडूंचा हिशोब करू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गुणक गोल घेतले आहेत: समोरच्या वाऱ्याला 10, पाठच्या वाऱ्याला 15, आणि इनरनच्या प्रत्येक मीटरला 7. टेकडी हिल साइज 140, आणि के-पॉइंट, म्हणजे अंतराचे गुण जिथून मोजतात ती खूण, 125 मीटरवर. के-पॉइंटवर उतरलं की 60 गुण, पुढच्या प्रत्येक मीटरला 1.8 जास्त.

पहिला खेळाडू मूळ गेटवरून 134 मीटर उडाला. के-पॉइंटच्या 9 मीटर पुढे, म्हणून 76.2. पाच पंचांपैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून शैलीचे 55. वारा समोरून 0.80, म्हणून वजा 8. गेट शून्य. एकूण 123.2.

त्यानंतर समोरचा वारा आणखी वाढतोय असं पाहून ज्युरीने गेट एक पायरी, म्हणजे अर्धा मीटर, खाली आणलं. दुसरा खेळाडू सुटला तोपर्यंत वारा उलटला होता. तो 127.5 मीटरवर उतरला: अंतराचे 64.5, शैलीचे 54.5, पाठच्या 0.40 वाऱ्याचे 6, गेटचे 3.5. एकूण 128.5. अंतर आणि शैली मिळून तो 12.2 गुणांनी मागे होता, वारा आणि गेट यांनी त्याला 17.5 दिले. म्हणून 5.3 गुणांनी पुढे. या उदाहरणात गेटचा वाटा किरकोळ आहे आणि सारा खेळ वाऱ्याचा आहे. निकालावर चिडण्यापूर्वी अशी फोड करून पाहावी, म्हणजे नक्की कोणत्या रकान्याशी वाद घालायचा ते कळतं.

प्रशिक्षकाने खाली आणलेलं गेट

गेट दोन प्रकारे बदलतं. ज्युरीने बदललं तर ते पुढच्या सगळ्यांना लागू होतं आणि गुण आपोआप मिळतात. प्रशिक्षक मात्र फक्त आपल्या खेळाडूसाठी गेट खाली आणू शकतो, आणि तिथे अट आहे: खेळाडूने हिल साइजच्या किमान 95 टक्के अंतर गाठलं तरच गेटचे गुण मिळतात. आपल्या टेकडीवर ती सीमा 133 मीटर.

ही अट विसरली की निकाल अनाकलनीय वाटतो. एक पायरी खालून निघून खेळाडू 133 मीटरवर उतरला, तर 3.5 गुण मिळाले. 132.5 वर उतरला, तर अंतराचे 0.9 कमी आणि गेटचे 3.5 पूर्ण गेले. अर्ध्या मीटरसाठी 4.4 गुणांचा फटका. शिवाय वेग कमी झाला होताच. मग प्रशिक्षक हा धोका का पत्करतो? कारण समोरचा वारा जोरात असेल आणि खेळाडू फॉर्मात असेल, तर तो उताराच्या सपाट होत जाणाऱ्या भागापर्यंत जाऊन पोहोचतो. तिथे एक पाय पुढे घेऊन, गुडघे वाकवून टेलिमार्क उतरणं फार अवघड असतं. शैलीचे गुण जातात आणि गुडघ्यांवर धोकादायक भार येतो. खालच्या गेटवरून तो 138 मीटरवर टेलिमार्कसह उतरला, तर गेटचे गुण आणि शैली दोन्ही हाती लागतात. माझ्या मते 95 टक्क्यांची अट योग्यच आहे. ती नसती, तर दुबळ्या उडीलाही केवळ गेट खाली आणून गुण गोळा करता आले असते.

आकड्याला अंतिम सत्य मानणं

ही चूक जाणकारही करतात. वारा टेकडीच्या बाजूने ठरावीक ठिकाणी बसवलेल्या मोजमापकांवर मोजतात. खेळाडू हवेत असतानाच्या नोंदी घेऊन त्यांची भारित सरासरी काढतात, आणि त्यातला फक्त उताराच्या दिशेचा भाग गुणांसाठी धरतात. आडवा वारा मोजणीत येत नाही. टेक-ऑफनंतर लगेच आडव्या झोताने स्की हलली, खेळाडूचा तोल गेला आणि तो 110 मीटरवर पडला, तरी वाऱ्याच्या रकान्यात जवळपास शून्य दिसू शकतं.

सरासरीचीही अडचण आहे. टेक-ऑफपाशी पाठचा वारा आणि खाली समोरचा, किंवा याच्या उलट: दोन्ही उड्यांची सरासरी सारखी येऊ शकते, पण उड्या सारख्या नसतात. वर उंची गमावलेल्या खेळाडूला खालचा चांगला वारा मिळायला तो तिथवर पोहोचावा तर लागतो. शिवाय सूत्र सरळ रेषेचं आहे. वारा दुप्पट तर गुण दुप्पट. प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि उंच तरंगून उडणाऱ्या खेळाडूला समोरचा वारा जितका उपयोगी पडतो तितका सपाट, वेगाने उडणाऱ्याला पडत नाही. सूत्र सगळ्यांना एकच माप लावतं.

म्हणून भरपाईचे गुण बरोबर होते का, हे एका उडीवरून ठरवू नका. उड्यांच्या क्रमाची यादी घ्या आणि त्या खेळाडूच्या आधीचे तीन-चार व नंतरचे तीन-चार पाहा. त्याच दहा मिनिटांत निघालेले चांगले खेळाडू एकामागून एक आखडले, आणि त्यांच्या वाऱ्याच्या रकान्यात मात्र फारसं काही नाही, तर मोजमापकांच्या नजरेतून सुटलेला वारा होता असं मानायला जागा आहे. एकटाच आखडला आणि आसपासच्यांना त्याच वाऱ्यात चांगली अंतरं मिळाली, तर बहुधा टेक-ऑफ चुकला. नॉर्वेतल्या होल्मेनकोलेनसारख्या वाऱ्याच्या टेकडीवर ही पडताळणी तर केलीच पाहिजे.

टेकडीचा विक्रम पाहताना हे सगळे गुण बाजूला ठेवा. विक्रम मोजलेल्या मीटरचा असतो. वाऱ्याने कितीही मदत केली, तरी त्यातून काही वजा होत नाही.