‘वेव्हलेंग्थ’ बाराव्या मिनिटाला बंद करण्याआधी : प्रायोगिक सिनेमा पाहताना या चुका टाळा

मायकल स्नो या कॅनेडियन कलावंताचा ‘वेव्हलेंग्थ’ (१९६७) मी पहिल्यांदा पाहायला घेतला आणि बाराव्या मिनिटाला लॅपटॉप मिटवला. चित्रपट ४५ मिनिटांचा. न्यूयॉर्कमधला ८० फूट लांबीचा एक लॉफ्ट, म्हणजे मोठी मोकळी खोली, त्याच्या एका टोकाला कॅमेरा पक्का बसवलेला, समोरच्या टोकाला खिडक्यांची रांग आणि पलीकडे रस्ता. कॅमेरा जागचा हलत नाही, फक्त त्याचं भिंग समोरच्या भिंतीकडे हळूहळू झूम करत जातं. एवढंच. त्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी आपली गंमत करतंय.

नंतर तोच चित्रपट मी तीनदा पाहिला, आणि पहिल्या वेळी काय बिघडलं होतं ते एकेक करून लक्षात आलं. बहुतेक नवे प्रेक्षक त्याच दोन-चार जागी अडखळतात, म्हणून ‘वेव्हलेंग्थ’लाच धरून सांगतो.

गोष्ट सुरू होण्याची वाट पाहत बसणं

‘वेव्हलेंग्थ’मध्ये काहीच घडत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. चार घटना घडतात. सुरुवातीला एक बाई दोन माणसांकडून पुस्तकांचं कपाट आत आणवते आणि जागेवर ठेवून घेते. मग दोन बायका येतात, थोडा वेळ रेडिओ ऐकतात, निघून जातात. पुढे कधीतरी काच फुटल्याचा आवाज येतो, एक माणूस आत शिरतो आणि जमिनीवर कोसळतो. बऱ्याच वेळाने एक तरुणी येते आणि फोनवर कुणाला तरी सांगते, की इथे एक माणूस मरून पडलाय.

म्हणजे चक्क खुनाच्या रहस्यकथेचा मालमसाला. आणि नवा प्रेक्षक इथेच फसतो. माणूस पडला म्हटल्यावर आपण सावरून बसतो, आता कॅमेरा त्याच्याकडे वळेल असं गृहीत धरतो. पण झूम थांबत नाही. चौकट अरुंद होत जाते आणि तो देह तिच्या खालच्या कडेपलीकडे निघून जातो. तो कोण, का मेला, हे चित्रपट सांगत नाही आणि पुढेही सांगणार नाही. त्या उत्तराची वाट पाहणाऱ्याला उरलेला वेळ शिक्षा वाटणारच.

इथे प्रश्न बदलावा लागतो. ‘पुढे काय होईल?’ याऐवजी ‘आत्ता चौकटीत काय बदललं?’ असं विचारा. मग दिसायला लागतं, की प्रकाश दिवसाचा होता तो रात्रीचा झाला. चित्र अचानक लाल किंवा हिरवं होतं, कारण स्नोने भिंगापुढे रंगीत पारदर्शक पत्रे धरले आणि वेगवेगळ्या जातीची फिल्म वापरली. मध्येच रंग उलटे होऊन चित्र निगेटिव्हसारखं चमकतं. झूमही गुळगुळीत नाही, बारीक धक्के खात पुढे सरकतो. तो चालवणारा हात जाणवतो, आणि मला तरी त्या धक्क्यांमुळेच तो जिवंत वाटतो.

माझी एक साधी युक्ती आहे. पहिल्या पाच मिनिटांत चौकटीच्या चारही कडा पाहून ठेवा. वर छत किती दिसतंय, खाली जमीन किती, डावी-उजवीकडची शेवटची वस्तू कोणती. साधारण दर पाच मिनिटांनी पुन्हा कडा तपासा. कधी छत गेलं, कधी जमीन गेली, कधी एखादी खिडकी अर्धी कापली गेली. ‘काहीच हलत नाही’ ही तक्रार तिथे संपते. मधली बारा-पंधरा मिनिटं तरीही जड जातात, हे कबूल करतो. मन भरकटलं तर भरकटू द्या. परत आल्यावर कडा पाहा, किती अंतर कापलं ते कळेल.

प्रत्येक वस्तूचा ‘अर्थ’ खणून काढणं

ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात, मीही केली. माया डेरेन आणि अलेक्झांडर हमीद यांचा ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ (१९४३) सुमारे १४ मिनिटांचा आहे आणि सुरुवात करायला उत्तम. त्यात एक बाई घरी येते, खुर्चीत झोपी जाते, आणि घरी येण्याचा तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडत राहतो. फूल, किल्ली, पावाची सुरी, उचलून ठेवलेला फोन, चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली काळ्या कपड्यातली आकृती. पाहणारा लगेच यादी करायला बसतो, की किल्ली म्हणजे हे, सुरी म्हणजे ते.

यादी पूर्ण होते आणि चित्रपट हातून सुटतो. डेरेनलाही आपल्या चित्रपटाची अशी मनोविश्लेषणी फोड मान्य नव्हती. त्याऐवजी प्रत्येक फेरीत काय वेगळं झालं ते मोजा. पहिल्या वेळी बाईचा चेहरा आपल्याला दिसतच नाही, फक्त सावली, हात आणि पाय दिसतात. तो नंतर दिसतो. जिना चढण्याची तऱ्हा प्रत्येक वेळी निराळी. किल्लीची सुरी कोणत्या क्षणी झाली, आणि ते एका कटमध्ये झालं की दोन? अशा प्रश्नांना पडद्यावर उत्तर सापडतं. उत्तरं गोळा झाली की अर्थ स्वतःच आकार घेतो. नाही घेतला तरी १४ मिनिटं फुकट गेली असं वाटत नाही.

एक तपशील जाता जाता. हा चित्रपट आधी मूक होता, तेइजी इतो यांचं संगीत त्याला १९५९ मध्ये जोडलं गेलं. म्हणून आवाज बंद करून एकदा जरूर पाहा.

दोष यंत्राचा, राग चित्रपटावर

यावर कुणी बोलत नाही. माझ्या मते निम्मी चिडचिड इथूनच येते.

अमेरिकन चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेजचा ‘मॉथलाइट’ (१९६३) घ्या. जेमतेम साडेतीन-चार मिनिटांचा, मूक, आणि कॅमेऱ्याविना केलेला. पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती त्याने दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या मध्ये दाबली आणि त्या पट्टीची फिल्मवर छपाई करून घेतली. पट्टीवर चौकटींची, म्हणजे फिल्मवरच्या एकेका सुट्या चित्राची, आखणी नव्हती, त्यामुळे लांब पात्याचा एक तुकडा या चौकटीत आणि पुढचा पुढच्या चौकटीत येतो. पडद्यावर ते पातं थरथरत वर-खाली धावल्यासारखं दिसतं.

आता हे इंटरनेटवरच्या हलक्या प्रतीत पाहा. व्हिडिओ लहान करताना संगणक मागच्या चौकटीपेक्षा काय बदललं तेवढंच साठवून जागा वाचवतो. नेहमीच्या चित्रपटात हे चालतं, कारण मागची भिंत तीच असते. ‘मॉथलाइट’मध्ये प्रत्येक चौकट जवळजवळ सगळीच नवी. मग पंखांच्या शिरांऐवजी चौकोनी ठोकळे आणि तपकिरी चिखल दिसतो. ओळखायचं कसं? व्हिडिओ मध्येच थांबवा. पंखाची जाळी रेषारेषांनी स्पष्ट दिसली तर प्रत चांगली. कडांभोवती ठोकळे दिसले तर ती प्रत सोडा आणि डिस्कवरची किंवा जास्त डेटा खाणारी प्रत शोधा.

टीव्हीवर पाहत असाल तर ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, पण काम एकच. टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेली चौकट घुसवतो. ‘मॉथलाइट’चा थरथराट त्याने जेलीसारखा लिबलिबीत होतो. आणि चित्रपट मूक आहे म्हणून मागे गाणी लावू नका. ब्रॅकेजने बहुतेक चित्रपट जाणूनबुजून मूक ठेवले. गाणं लावलं की डोळे त्याच्या ठेक्यावर चालू लागतात आणि चित्राची स्वतःची लय हरवते.

‘वेव्हलेंग्थ’मध्ये उलट. तिथे आवाजच निम्मा चित्रपट आहे. आधी खोलीतले आणि रस्त्यावरचे आवाज येतात, मग एक इलेक्ट्रॉनिक सूर सुरू होतो आणि सुमारे ४० मिनिटांत सेकंदाला ५० कंपनांपासून १२,००० कंपनांपर्यंत चढत जातो. झूम पुढे, सूर वर. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरला ५० कंपनांचा खर्ज काढताच येत नाही, त्यामुळे तो सूर सुरू झाल्याचं कळतच नाही. माझं पहिल्या वेळी हेच झालं होतं! शांतता आहे समजून मी आवाज वाढवत बसलो.

म्हणून बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर लावा. आवाजाची पातळी रेडिओच्या प्रसंगात, गाणं आरामात ऐकू येईल इतकी ठरवा आणि नंतर वाढवू नका. शेवटाकडे सूर इतका टोकदार होतो, की वाढवलेला आवाज कानात सुईसारखा घुसेल. त्रास झाला तर थोडा कमी करा, बंद करू नका.

दीडपट वेगाने पाहण्याचा मोहही टाळा. झूम हेच जिथे एकमेव नाट्य आहे तिथे त्याचा वेग बदलला की चित्रपटच वेगळा होतो. गंमत म्हणजे स्नोने स्वतः २००३ मध्ये याची १५ मिनिटांची आवृत्ती केली, ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांच्यासाठी असं खट्याळ उपशीर्षक देऊन. पण त्याने वेग वाढवला नाही. चित्रपटाचे १५-१५ मिनिटांचे तीन तुकडे केले आणि एकावर एक रचले. मूळ चित्रपट पाहून झाल्यावर ती पाहा, आधी नको.

पहिल्याच दिवशी मोठा घास

‘मॉथलाइट’, मग ‘मेशेस’, मग दुसऱ्या दिवशी ‘वेव्हलेंग्थ’ असा क्रम मी सुचवेन. एका बैठकीत दोनच, त्यातलाही लहान असेल तो लगेच पुन्हा.

एका प्रकारापासून मात्र जपून राहा. पेटर कुबेल्काचा ‘आर्नुल्फ राइनर’ (१९६०) किंवा टोनी कॉनरॅडचा ‘द फ्लिकर’ (१९६६) यांत काळ्या-पांढऱ्या चौकटींची उघडझाप असते. ज्यांना फिट येतात किंवा कधी आल्या आहेत त्यांनी हे पाहूच नयेत. इतरांनीही खोलीत थोडा उजेड ठेवून, पडद्यापासून लांब बसून पाहावेत आणि डोकं दुखू लागलं तर तिथेच थांबावं.

‘वेव्हलेंग्थ’मधल्या चारही घटना मी वर सांगून टाकल्या. त्याने काही बिघडत नाही, मृत्यूसुद्धा. पण समोरच्या भिंतीवर, खिडक्यांच्या मध्ये, एक छोटा फोटो टाचलेला आहे. सुरुवातीला तो नुसता ठिपका असतो आणि सगळा झूम त्याच्याकडेच चाललेला असतो. त्यात काय आहे ते मी मुद्दाम सांगत नाही, तुम्हीही आधी शोधू नका. पाहताना हाताशी कागद ठेवा आणि फोटोत काय आहे ते ज्या मिनिटाला पहिल्यांदा ओळखू येईल तो आकडा टिपून ठेवा. लहान पडद्यावर तो बराच उशिराचा निघतो.