बाळंतविड्याचा कॉम्बो: पोस्टमध्ये काय लिहाल, काय वगळाल

बेबी शॉपच्या कॉम्बो पोस्टमध्ये सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: दुधाची बाटली किंवा पावडरचं दूध त्यात नाही ना? 1992 च्या कायद्याने या दोन्हींची जाहिरात करायला बंदी आहे आणि 2003 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालच्या बाळांचं डबाबंद खाणंही त्यात येतं. ‘बाटली फ्री’ लिहिलं की तुम्ही अडकलात.

दुसरी अडचण डायपरची. नवजात मापाचा डायपर साधारण पाच किलोपर्यंत चालतो. काही बाळं दीड-दोन महिन्यांतच त्यापुढे जातात. मोठे तीन पॅक एकत्र बांधले तर उरलेले परत घेऊन आजी दुकानात येतात (आणि त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकत नाही). म्हणून एकच छोटा पॅक ठेवा.

पोस्ट अशी लिहा:

‘पहिल्या महिन्यासाठी: 6 सुती लंगोट, 2 मलमलची दुपटी, 24 नवजात डायपर, 72 वाइप्स. सुटे घेतले तर 1000 रुपये, एकत्र 880. डायपरचा पॅक न फोडता आणलात तर पुढचं माप बदलून देऊ, फरक तेवढा भरा.’

सुट्या किमतींची बेरीज खरी हवी. बाळाचे बाबा रात्री दोन वाजता मांडीवर बाळ घेऊन तोच हिशेब मोबाईलवर करत असतात. फोटोत चारही वस्तू उघड्या मांडा. रिबिनीच्या टोपलीत दुपट्याचा आकार कळत नाही.