सागवानी मुख्य दाराला व्हार्निश: हात किती, वाळवण किती

दाराच्या बाहेरच्या बाजूला ऊन-पाऊस लागतो, म्हणून तिथे फ्रेंच पॉलिश टिकत नाही. बाहेर वापरायचं सिंथेटिक व्हार्निशच घ्या. काम पावसाळ्यात काढू नका.

जुना थर पोपडे धरत असेल तर तो पूर्ण काढावा लागतो. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी १८०, आणि घासायचं ते रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पहिला हात बसला की उठून दिसतात. धूळ झटकून थिनरच्या फडक्याने पुसा. सागाच्या अंगात तेल असतं; ते पुसलं नाही तर व्हार्निश दिवसेंदिवस चिकट राहतं.

पहिला हात पातळ हवा: अर्ध्या लिटरला साधारण ५० मिलि टर्पेंटाइन. तो लाकडात मुरतो आणि पुढच्या थरांना धरून ठेवतो. नंतरचे दोन हात जवळजवळ घट्टच, पण ब्रश हलका ठेवून. प्रत्येक हातानंतर निदान २४ तास थांबा, मग ३२० नंबरने हलकं घासा. पांढरी कोरडी भुकटी पडली तर थर वाळला. पेपरला गोळ्या चिकटल्या तर आणखी एक दिवस द्या. घाई केली की वरचा थर सुरकुततो.

दाराची खालची कड बहुतेक जण विसरतात. पाणी तिथूनच शिरतं आणि दार फुगतं. दार उतरवून तिलाही तिन्ही हात द्या.