रिव्ह्यू खरा की खोटा, हे ठरवायचं काम तुमचं नाही

दुकानांचे ऑनलाइन रिव्ह्यू तपासणाऱ्या नव्या मॉडरेटरची दमछाक शिवीगाळीने होत नाही. शिवी दिसते, नियम सापडतो, रिव्ह्यू काढला जातो. दमछाक होते ती दुकानदाराच्या "हे सगळं खोटं आहे, काढा" या तक्रारीने. मीसुद्धा सुरुवातीला दोन्ही बाजू वाचून खरं कोण बोलतंय याचाच विचार करत बसायचो. तुम्ही ते करू नका. तुम्ही तिथे नव्हता, त्यामुळे ते तुम्हाला कळणारच नाही. लिहिलेल्या मजकुराने कोणता नियम मोडला, एवढंच तुम्हाला तपासता येतं.

समजा, एका तारेचा रिव्ह्यू आला आहे: "दुरुस्तीचे दोनदा पैसे घेतले, तरी मशीन बंदच. काउंटरवरचा माणूस उर्मट आहे. त्याचा हा मोबाइल नंबर, सगळ्यांनी फोन करून जाब विचारा." मालक म्हणतो, हा माणूस आमच्याकडे आलाच नव्हता.

वाक्यं सुटी करा. पैसे आणि मशीन हा अनुभव आहे, तो राहतो. 'उर्मट' हे मत आहे, कडू असलं तरी राहतं. नंबर ही खाजगी माहिती आहे आणि वर लोकांना त्रास द्यायचं आवाहन, म्हणजे इथे नियम मोडला. मग फक्त नंबर पुसून बाकीचं ठेवायचं का? मी तरी नाही ठेवत. दुसऱ्याच्या मजकुराला हात लावला की उरलेल्या शब्दांची जबाबदारी आपल्याकडे येते. रिव्ह्यू काढा, लेखकाला नियमाचा क्रमांक आणि मोडणारं वाक्य कळवा, नंबर गाळून पुन्हा टाकायला सांगा.

राहिला मालकाचा दावा. नुसता दावा पुरावा नसतो. पण खातं आजच उघडलेलं असेल, किंवा तेच शब्द दुसऱ्या खात्यावरूनही आले असतील, तर पुढच्या तपासणीसाठी फ्लॅग करा आणि लेखकाकडे तारीख किंवा पावती मागा. ती मालकाला दाखवायची नाही, लेखकाची ओळख तर मुळीच नाही. फ्लॅग म्हणजे 'मला ठरवता येत नाही' असं नव्हे. कोणती माहिती आली की काय निर्णय होईल, हे नोंदीत लिहिता येत नसेल, तर तो रिव्ह्यू फ्लॅग करू नका.

"सवयीने अंदाज येतो" म्हणणाऱ्या सीनियरपासून जरा जपून राहा. त्यांचा अंदाज बहुतेक वेळा लेखकाच्या सुरावर चालतो. त्यापेक्षा तोच मजकूर मनात पाच तारे लावून वाचा. "इथला अमुक फार चांगला, हा त्याचा नंबर" हेही तुम्ही काढलं असतं का? नसतं, तर तुम्ही नियम नाही, राग तपासत होता. पाच तारे देणारं मालकाच्या घरचंच खातं असेल, तर तेही हितसंबंधाच्या नियमात अडकतं, आणि त्याची तक्रार मालक कधीच करणार नाही. ते तुम्हालाच शोधावं लागतं.

पहिले काही आठवडे हात सावकाश चालेल. चालू दे. नियमाचा क्रमांक लिहिता येईना, तर रिव्ह्यू तसाच ठेवा.