दोन पॅकेजं, दोन किमती: स्टुडिओत चाचणी घेताना या चुका टाळा

फॅमिली पोर्ट्रेटसाठी आम्ही एकदा दोन पॅकेजं शेजारी शेजारी चालवून पाहिली. पहिलं साधं: दीड तासाचं शूट, २५ एडिट केलेले फोटो, फाइल्स ऑनलाइन. त्याची किंमत १०० धरा, म्हणजे हिशेब कुठल्याही चलनात बसेल. दुसऱ्यात तेच सगळं आणि वर २० पानांचा अल्बम, किंमत १४०. साठ चौकश्या आल्या. एक सोडून एक अशी दोन्ही पॅकेजं सांगितली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३० जण. साध्या पॅकेजला १२ बुकिंग मिळाली, अल्बमवाल्याला ९. लोकांना अल्बम नकोय असं ठरवून आम्ही तो यादीतून काढून टाकला.

या निष्कर्षात एक नाही, निदान तीन चुका होत्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि नकळत बदललेलीही शोधा

आम्ही अल्बम घातला आणि किंमतही वाढवली. मग तीन बुकिंग कमी आली ती अल्बमामुळे की १४० या आकड्यामुळे? त्या आकड्यांतून हे कळायला मार्गच नव्हता. कदाचित १०० ला अल्बम मिळाला असता तर लोकांनी उड्या मारल्या असत्या. कदाचित १४० ला नुसते फोटोही नऊ जणांनी घेतले असते.

पण खरी गोम पुढे होती. चौकशीच्या वहीत नकाराचं कारण लिहायची सवय होती, म्हणून ती उघडली. अल्बमवाल्या पॅकेजला नाही म्हणणारे २१ जण. त्यांतल्या बऱ्याच जणांनी किमतीआधी विचारलं होतं, ‘मिळणार कधी?’ साध्या पॅकेजची डिलिव्हरी दहा दिवसांत होती. अल्बमाची सहा आठवड्यांनी, कारण फोटो निवडायचे, पानांचं डिझाइन मंजूर करून घ्यायचं, मग छपाई. आणि आम्ही फाइल्ससुद्धा अल्बमाबरोबरच द्यायचो! म्हणजे बदललेल्या गोष्टी दोन नव्हत्या, तीन होत्या, आणि तिसरी आमच्या लक्षातही नव्हती.

म्हणून चाचणीआधी दोन्ही पॅकेजं ग्राहकाच्या बाजूने ओळीने लिहून काढा: किती वेळ, किती फोटो, कधी मिळणार, ॲडव्हान्स किती, फोटो कोण निवडणार, तारीख बदलता येईल का. ज्या ओळीत फरक दिसेल ती प्रत्येक ओळ ग्राहकाच्या निर्णयात उतरते. फरक एकाच ओळीत उरला पाहिजे.

कुणाला काय सांगायचं हे चेहरा बघून ठरवू नका

महागडं पॅकेज ‘घेतील असं वाटतं’ त्यांनाच सांगायचा मोह प्रत्येकाला होतो. मग आकडे पॅकेजबद्दल नाही, तुमच्या अंदाजाबद्दल बोलतात. चौकशी आली की आधी वहीत अनुक्रमांक टाका. विषम असेल तर पहिलं पॅकेज, सम असेल तर दुसरं, आणि बोलणं त्यानंतर. जुने ग्राहक आणि ओळखीतून जुना भाव ऐकून आलेले लोक या मोजणीत घेऊ नका. त्यांना नवा आकडा नेहमीच महाग वाटतो.

फक्त किंमत तपासायची असेल तर मात्र ही सम-विषम रीत वापरू नका. एकाच गोष्टीचे दोन भाव एकाच आठवड्यात सांगितले आणि दोन मैत्रिणींनी आपापसात ताडून पाहिले, तर विश्वास गेला तो गेलाच. तिथे दोन आठवडे एक भाव, पुढचे दोन आठवडे दुसरा, असं आलटूनपालटून निदान दोन फेऱ्या करा. एका महिन्याची पुढच्या महिन्याशी तुलना केली की सुट्ट्या आणि हंगामच मोजला जातो.

तीनचा फरक म्हणजे काहीच नाही

तीसपैकी १२ आणि तीसपैकी ९. ४० टक्के आणि ३० टक्के असं लिहिलं की फरक मोठा दिसतो. पण दोन्ही गटांना हुबेहूब तेच पॅकेज सांगितलं असतं, तरी नुसत्या योगायोगाने एवढा फरक सहज पडला असता. ४० आणि ३० मधला फरक भरवशाने ओळखायचा तर प्रत्येक बाजूला साडेतीनशेच्या आसपास चौकश्या लागतात. महिन्याला तीस चौकश्या येणाऱ्या स्टुडिओला त्यासाठी दोन वर्षं थांबावं लागेल. तोवर कॅमेराही बदललेला असतो.

तेव्हा छोट्या स्टुडिओने बारीक फरक शोधायच्या भानगडीत पडू नये. ४० विरुद्ध १० टक्के अशी दरी असेल तर तीस-पस्तीस चौकश्यांतही ती दिसते. म्हणून पॅकेजं ठळक वेगळी ठेवा. २५ फोटो आणि २८ फोटो यांच्यात चाचणी लावणं म्हणजे वेळ घालवणं.

बुकिंग मोजली, उरलेले पैसे नाही

साध्या पॅकेजवर आमचा खर्च ४० होता, त्यात एडिटिंगचे तास धरलेले. अल्बमाची छपाई आणि डिझाइन धरून दुसऱ्याचा ६२. म्हणजे एका बुकिंगमागे उरत होते ६० आणि ७८. बारा बुकिंगचे ७२०, नऊचे ७०२. जे पॅकेज हरलं म्हणून आम्ही काढलं, ते जवळपास तेवढंच कमवत होतं, तेही तीन शूट कमी करून.

यातही एक मेख आहे. साधं पॅकेज घेणारे काही जण फोटो पाहिल्यावर वेगळे प्रिंट मागवतात. त्यामुळे शेवटच्या ग्राहकाची डिलिव्हरी होऊन थोडे दिवस जाईपर्यंत हिशेब बंद करू नका, आणि रद्द झालेली बुकिंग त्यातून वजा करा.

मग अल्बम हवा होता की नाही?

दुसऱ्या फेरीत आम्ही रीतच बदलली. फाइल्स सगळ्यांना दहा दिवसांत, किंमत एकच, आणि बुकिंग करताना प्रत्येकाला निवड: अल्बम, किंवा २० फोटो जास्त. आमचा खर्च दोन्हीकडे सारखाच पडत होता. अल्बम मागाहून येईल हे आधीच सांगितलं. दोन्हींपैकी कशाचं नाव आधी घ्यायचं तेही आलटूनपालटून, कारण पहिलं ऐकलेलं लोक पटकन उचलतात.

चाळीस ग्राहकांपैकी २८ जणांनी अल्बम घेतला. निम्मे-निम्मे पडायचे तिथे २८ हा आकडा नुसत्या योगायोगाने क्वचितच येतो. इथे प्रत्येक ग्राहक दोन्ही गोष्टी समोरासमोर तोलत असल्यामुळे थोड्या लोकांतही उत्तर स्पष्ट निघालं. ‘तुम्हाला अल्बम आवडेल का?’ असं विचारून ते कधीच मिळालं नसतं, कारण त्याला सगळे हो म्हणतात.

या रीतीची मर्यादाही आहे. निवड फक्त बुकिंग करणारे सांगतात. दारातूनच परत गेलेल्यांना काय हवं होतं ते यातून कळत नाही. आणि अल्बम जास्त फोटोंपेक्षा हवासा आहे एवढंच सिद्ध झालं, त्यासाठी ४० जादा मोजतील का हे नाही. ती किमतीची चाचणी आता चालू आहे, दोन-दोन आठवड्यांची. दुसरी फेरी संपेपर्यंत वहीतली बेरीज करायची नाही असं ठरवलंय, कारण मधेच बेरीज केली की आवडतं उत्तर दिसताच थांबावंसं वाटतं.