गोल स्वर लिहिताय? ध्वनिलेखनातल्या या चुका टाळा

आयपीएच्या तक्त्यात स्वर जोडीने मांडलेले असतात आणि जोडीतला उजवीकडचा स्वर गोल, हे पहिल्याच आठवड्यात पाठ होतं. पण ओठ गोल कसे केले, याबद्दल तक्ता काहीच बोलत नाही. आणि गोलावा दोन प्रकारांनी येतो. मराठी ‘ऊ’ म्हणताना आपण ओठांचा चंबू करतो: ओठांचे कोपरे आत सरकतात, ओठ पुढे येतात आणि त्यांची आतली ओलसर बाजू थोडी दिसते. दुसऱ्या प्रकारात ओठ पुढे येतच नाहीत. वरचा आणि खालचा ओठ एकमेकांकडे आवळले जातात, मधे आडवी, अरुंद फट राहते आणि आतली बाजू दिसत नाही.

सगळा फरक जिभेत शोधणं

स्वीडिश भाषेत [niː] म्हणजे ‘तुम्ही’, [nyː] म्हणजे ‘नवा’ आणि [nʉː] म्हणजे ‘आता’. तक्त्यात [y] पुढचा आणि [ʉ] मधला, म्हणून शिकणारा जीभ मागे ओढायला लागतो. मध्य स्वीडनच्या उच्चारात मात्र [ʉː] बराच पुढे सरकलेला असतो. त्याला [yː] पासून वेगळं ठेवण्यात मोठा वाटा ओठांचा आहे: [yː] मध्ये चंबू, [ʉː] मध्ये आवळलेले ओठ.

करून पाहा. लांब ‘ई’ धरा आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करा. स्वीडिश [yː] च्या जवळ पोचाल. पुन्हा ‘ई’ धरा, या वेळी ओठ पुढे न काढता फक्त आवळा. आवाज [ʉː] कडे झुकेल. आपल्याला दुसरी कृती जड जाते, कारण ‘गोल’ म्हटलं की मराठी ओठ आपोआप पुढे येतात. आरशात बाजूने पाहिलं तर चोरी लगेच पकडली जाते.

जपानी ‘उ’साठी नुसतं [u] किंवा नुसतं [ɯ]

[u] लिहिलं की वाचणारा चंबू करतो. [ɯ] लिहिलं की ओठांचं काही कामच नाही असं समजतो. दोन्हींमध्ये थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच हा वाद संपत नाही. टोकियोकडच्या उच्चारात जीभ [u] पेक्षा जरा पुढे असते आणि ओठ, विशेषतः सावकाश बोलताना, हलके आवळलेले असतात. ‘उता’ (गाणं) हा शब्द बारकाईने लिहायचा तर [ɯ̟ᵝta]: खालचं अधिक चिन्ह जीभ पुढे असल्याचं सांगतं, वरचा छोटा बीटा ओठ आवळल्याचं.

नमुना शब्द निवडतानाही भान हवं. ‘उमी’ (समुद्र) घेतला तर ‘म’साठी ओठ तसेही मिटणार, मग स्वराचं किती आणि व्यंजनाचं किती हे कळत नाही. ‘सुकी’ (आवड) मधला ‘उ’ तर दोन अघोष व्यंजनांच्या मधे सापडून बहुधा अघोष होतो, ऐकूही येत नाही.

प्रमाणाच्या खुणा प्रकारासाठी वापरणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते. [u̹] म्हणजे अधिक गोल, [u̜] म्हणजे कमी गोल. आवळलेले ओठ ‘कमी गोल’ नसतात, वेगळ्या रीतीने गोल असतात. तेव्हा [u̜] लिहून भागत नाही.

अडचण अशी की आवळलेल्या गोलाव्यासाठी आयपीएत अधिकृत चिन्हच नाही. चालू पद्धती दोन: एकतर अगोल स्वराला ᵝ जोडायचा, [ɯᵝ], नाहीतर गोल स्वराखाली ओठ पसरल्याची खूण द्यायची, [u͍]. चंबू ठासून सांगायचा असेल तर [yʷ]. यात एक मेख आहे: स्वरानंतरचा ʷ पाहून कुणी शेवटी ‘व’ची छटा आहे असं वाचू शकतं. म्हणून कोणतीही पद्धत घ्या, पण ती एकच ठेवा आणि चिन्हाचा अर्थ पहिल्याच तळटीपेत सांगा. टाइप करताना ᵝ साठी U+1D5D आणि खालच्या खुणेसाठी अक्षरानंतर U+034D. जर्मन ß हा बीटा नव्हे, तरी तो घुसलेला दिसतो.

फक्त ऐकून किंवा समोरून पाहून ठरवणं

ओठ पुढे आले काय, आवळले काय, आवाजावर होणारा परिणाम एकाच दिशेचा असतो: दुसरा आणि तिसरा फॉर्मंट साधारणपणे खाली येतात. त्यामुळे नुसत्या रेकॉर्डिंगवरून प्रकार खात्रीने सांगता येत नाही. समोरून काढलेल्या फोटोत ओठ किती पुढे आले तेही नीट कळत नाही. त्याच माणसाचा ‘ई’सारखा अगोल स्वर आणि तपासायचा स्वर, दोन्ही समोरून आणि बाजूने चित्रित करा आणि ओठांची कड ‘ई’च्या तुलनेत पुढे सरकली का ते पाहा. चित्रण नसेल, तर साधं [y] किंवा [u] लिहून थांबावं. पुढचे गोल स्वर बऱ्याच भाषांत आवळलेले आणि मागचे चंबूचे असतात हे खरं, पण त्या भरवशावर न पाहिलेल्या ओठांना ᵝ चिकटवू नये. स्वीडिश [yː] तिथेच दगा देतो.