स्विचगिअर हस्तांतराचं मॅन्युअल: पहिली पानं कुणासाठी?

कुपवाड एमआयडीसीत ११ केव्हीचं पॅनेल सोपवताना मी मॅन्युअलची सुरुवात उत्पादकाच्या कॅटलॉगने करत नाही, तो शेवटी जोडतो. रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला पहिल्या पानावर सिंगल लाइन डायग्राम दिसला पाहिजे, तोही प्रत्यक्ष जोडणीप्रमाणे दुरुस्त केलेला. पॅनेलच्या दारावरचं नाव आणि नकाशातलं नाव अक्षरशः एकच हवं.

लगेच पुढे फीडर बंद करण्याचा क्रम द्या. उदाहरणार्थ ट्रान्सफॉर्मरवर काम असेल तर आधी एलटी ब्रेकर बंद करून कुलूप, मग एचटी ब्रेकर बंद, त्याची ट्रॉली टेस्ट पोझिशनला ओढून तिथेही कुलूप, केबलवर व्होल्टेज नाही याची टेस्टरने खात्री आणि त्यानंतरच केबल जमिनीशी जोडणारा अर्थ स्विच लावायचा. प्रत्येक पायरीपुढे कोणता दिवा किंवा खूण दिसेल ते लिहा. चालू करण्याचा क्रम वेगळ्या पानावर द्या. ‘उलट क्रमाने करा’ एवढंच लिहिलं की अर्थ स्विच काढायचा राहून जातो.

तिसरा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित, म्हणजे सुपूर्द करतानाची मोजमापं. समजा आज ब्रेकरचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स तिन्ही फेजला ४० मायक्रोओहमच्या आसपास आहे. तीन वर्षांनी एका फेजला ७५ आला, तर बिघाड ओळखायला आजचा हा ४० चा आकडाच लागतो. रिलेचं सेटिंगही रिलेच्या स्क्रीनवरून वाचून लिहा, डिझाइनच्या कागदावरून उतरवू नका.